साक्षीदार अडखळतो, उलटसुलट बोलतो. ते इंग्रजीत जसंच्या तसं कसं न्यायचं?

कोरडवाहू

सत्र न्यायालयातला मराठी साक्षीपुरावा उच्च न्यायालयातल्या अपिलासाठी इंग्रजीत करायचं काम आलंय. जुन्या दंड संहितेच्या ३२६ आणि १४९ कलमांचं मारहाणीचं प्रकरण, पाच आरोपी, शिक्षा झालेली. काम आरोपींच्या वकिलांनी दिलंय. सरतपास नेहमीसारखा सलग आहे, "मी शेतातून घरी आलो, जेवण केले" छापाचा. तो होतो. पण उलटतपासात न्यायाधीशांनी मधलं दीडेक पान प्रश्न-उत्तर स्वरूपात, साक्षीदाराच्या तोंडच्या शब्दांत घेतलंय, आणि माझं घोडं तिथे अडलंय. तपशील बदलून नमुना देते :

प्रश्न : भांडण सुरू झाले तेव्हा तुम्ही ओट्यावर नव्हता ना?
उत्तर : हो. म्हणजे... आत होतो. दारात.
प्रश्न : किती वाजले होते?
उत्तर : सात वाजले असतील. दिवेलागण झाली होती. अंधार पडायचा होता अजून.
प्रश्न : कोण आले?
उत्तर : ते आले. सरपंच. आणि ते बाकीचे, मागून.
प्रश्न : कुऱ्हाडीने मारताना पाहिले का?
उत्तर : पाहिलं. मारलं ना त्यांनी. तुंब्याने. म्हणजे कुऱ्हाडच होती, मी दांडा पाहिला.

वकीलसाहेब म्हणतात, "सुटसुटीत करा, बेंचला एवढा वेळ नसतो." मी सुटसुटीत केलं की ते चार ओळींत छान बसतं : साक्षीदार दारात होता, सातच्या सुमारास सरपंच आणि इतर आले, त्यांनी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने मारलं. वाचायला गोड लागतं, पण साक्षीदार असं बोललेला नाही. कुठवर सुटसुटीत करायचं?

जुना_नाझर

ताई, उगाच जीव आटवताय. माझी उभी हयात जिल्हा न्यायालयात गेली. साक्षीदार बोलतो एक आणि कागदावर उतरतं दुसरं, कारण मधे साहेब डिक्टेट करतात. "मला नाय बा म्हाईत" याचं "मला माहीत नाही" तिथेच होतं. मग भाषांतरात अडखळ राखून काय उपयोग? जी राखायची ती साहेबांनी आधीच गाळलेली असते.

निशाणी_क्र_४२

नाझरकाका, सलग पुराव्याबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण ताईंचा प्रश्न प्रश्नोत्तराच्या पानाबद्दल आहे. फौजदारी संहितेच्या २७६ कलमात (आता नव्या संहितेत ३११) पुरावा साधारणपणे सलग लिहावा असं आहे, मात्र कुठलाही भाग प्रश्नोत्तर स्वरूपात घ्यायची मुभा न्यायाधीशांच्या मर्जीवर ठेवलीय. दिवाणीत आदेश १८ नियम १० तेच सांगतो. आता विचार करा, रोज सलग डिक्टेट करणारा माणूस मधेच थांबून "हा प्रश्न आणि हे उत्तर जसंच्या तसं घ्या" असं टायपिस्टला केव्हा सांगतो? उत्तर धड हो नाही की धड नाही नाही, आणि त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत काढला तर एका बाजूवर अन्याय होईल, असं त्याला वाटतं तेव्हा. म्हणजे ही अडखळ चुकून राहिलेली नाही, मुद्दाम ठेवलेली आहे. अपिलात बसणाऱ्यांनी साक्षीदाराचा चेहरा पाहिलेला नसतो. त्यांच्या हाती फक्त हे पान असतं.

आणखी एक. ताई, हा साक्षीदार सरकार पक्षाचा ना? मग त्याचं बोलणं गुळगुळीत करून तुम्ही तो अधिक विश्वासार्ह करून देताय, आणि पैसे आरोपींच्या वकिलांकडून घेताय! वकीलसाहेबांना एवढंच विचारा, "अंधार पडायचा होता अजून" हे वाक्य मी गाळू का? बघा काय म्हणतात ते.

कोरडवाहू

:) हो, सरकार पक्षाचाच. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, मी फक्त इंग्रजी कसं वाचलं जाईल ते बघत होते.

शब्दखुणा

मी सबटायटल करते, कोर्टातलं काही कळत नाही. पण भाषांतराचा साधा नियम म्हणजे अर्थ पोचला पाहिजे. "म्हणजे", "ना", "अजून" हे बोलण्यातले टेकू असतात. इंग्रजीत शब्दशः ठेवले तर साक्षीदार अडाणी दिसेल, जे मराठीत तो अजिबात दिसत नाही. तोही अन्यायच नाही का?

निशाणी_क्र_४२

अर्धं पटलं. बोलीचं ओबडधोबड इंग्रजी करून साक्षीदाराला वेंधळा दाखवायचा नाही, हे अगदी बरोबर. तो शुद्ध मराठी व्याकरणात बोलला असेल तर इंग्रजीही व्याकरणशुद्धच हवं. पण इथला "म्हणजे" टेकू नाही. पहिल्या उत्तरात "हो" आणि "आत होतो" यांच्या मधे तो आहे, चौथ्या उत्तरात "तुंब्याने" आणि "कुऱ्हाडच होती" यांच्या मधे. दोन्ही ठिकाणी माणूस आधी बोललेलं सावरतोय. ते सावरणं काढलं की दोन विधानांचं एक विधान होतं. बोलण्याच्या ओघात शंभरदा येणारा "म्हणजे" वेगळा, आणि हा वेगळा. ओळखायची माझी रीत सोपी आहे : शब्द काढून पाहायचा, आणि त्याच्या आधीचं नि नंतरचं विधान एकमेकांशी भांडायला लागलं तर शब्द ठेवायचा.

आता एकेक उत्तर घेऊ.

पहिलं. "नव्हता ना?" "हो." मराठीत याचा अर्थ "बरोबर, नव्हतो". तुम्ही नुसतं "येस" लिहिलंत तर इंग्रजी वाचणाऱ्याला "येस, आय वॉज" असंही वाटू शकतं. "नो" लिहिलंत तर अर्थ बरोबर उतरतो, पण साक्षीदाराने होकार दिला होता तिथे नकार दिसतो, आणि पुढच्या "म्हणजे"ला आधार उरत नाही. मी "दॅट इज राइट" लिहितो. होकार राहतो आणि गोंधळही टळतो. त्यानंतर डॅश, मग "आय मीन", मग "आत होतो", पूर्णविराम, "दारात", पूर्णविराम. "दारात"ला वेगळ्या वाक्यातून उचलून "आय वॉज इनसाइड, इन द डोअरवे" असं एका दमात जोडू नका. "आत" म्हटल्यावर ओट्यावरचं दिसत नाही आणि "दारात" म्हटल्यावर दिसतं. वकिलाचा सगळा खेळ त्या दोन पूर्णविरामांमधे आहे.

दुसरं. "वाजले असतील" हा अंदाज आहे. "इट वॉज सेव्हन" लिहिलं की अंदाजाची खात्री झाली. "इट मस्ट हॅव बीन सेव्हन" चालेल. पुढे "दिवेलागण झाली होती" आणि "अंधार पडायचा होता अजून" ही दोन वाक्यं त्याच क्रमाने शेजारी ठेवा, मधे "बट", "ऑलदो", काहीही घालू नका. "दिवे लागले होते, तरी अंधार पडला नव्हता" असं जोडलंत की विसंगतीचा खुलासा तुम्ही केलात, साक्षीदाराने केलेला नाही.

वकील_सोलापूर

४२ साहेबांशी सहमत. "ते"बद्दल माझीही भर घालतो, कारण कलम १४९ मधे तोच जीव की प्राण. बेकायदेशीर जमाव म्हणायला पाच माणसं लागतात. आमच्याकडे गावातला माणूस सरपंचाला एकेरीत बोलत नाही. "ते आले. सरपंच." इथे "ते" म्हणजे एकटे सरपंच, आदरार्थी. पुढच्या "ते बाकीचे" मधलं "ते" अनेकवचनी. आणि "मारलं ना त्यांनी" मधलं "त्यांनी"? सरपंचांनी एकट्याने की सगळ्यांनी? मराठीत कळत नाही. इंग्रजीत "दे" लिहिलंत तर पाचही जण मारहाणीत आले, "ही" लिहिलंत तर मारणारा एकच उरला. एका सर्वनामावर!

कोरडवाहू

बरोब्बर इथेच अडले होते. मग काय लिहायचं?

वकील_सोलापूर

पहिल्या "ते"ला "ही" सरळ, कारण लगेच "सरपंच" आलंय. "त्यांनी"ला मी "दे" लिहीन आणि तळटीप देईन की मूळ शब्द आदरार्थी एकवचनही असू शकतो.

निशाणी_क्र_४२

मी उलट करतो. वाक्यच असं वळवतो की कर्ता उघडाच राहील. "द ब्लो वॉज स्ट्रक, वॉजन्ट इट" असं काहीसं. मग टीप. कारण तळटीप कुणी वाचत नाही, मजकुरातलं "दे" सगळे वाचतात.

वकील_सोलापूर

पण मग तुम्ही साक्षीदाराला कर्ता न सांगणारा केलात! त्याने "त्यांनी" म्हटलंय, कुणाकडे तरी बोट दाखवलंय. तेही गुळगुळीत करणंच झालं की.

निशाणी_क्र_४२

मुद्दा आहे. मला यावर समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. सरतपासात आधी त्याने कोणी मारलं ते नावानिशी सांगितलं असेल तर त्या आधारे ठरवायचा मोह होतो. पण तो तर अजिबात आवरायचा. उलटतपास घेतात तोच मुळी सरतपासाशी ताडून बघायला. सरतपासातून अर्थ उचलून उलटतपासात ओतला की ताडायला काही शिल्लकच राहत नाही.

सुमा_न्यूजर्सी

अमेरिकेत डिपॉझिशनमधे दुभाषी म्हणून काम करते, मराठी आणि हिंदी. इकडे वकिलाच्या ऑफिसात, न्यायाधीश हजर नसताना, शपथेवर साक्ष घेतात. कोर्ट रिपोर्टर शब्द न् शब्द टिपते, "अं", "हं"सुद्धा. आम्ही प्रथमपुरुषी बोलायचं, "तो म्हणतोय की" असं कधीही नाही. साक्षीदाराने वाक्य अर्धवट सोडलं तर आम्हीही अर्धवट सोडायचं. नवीन दुभाष्यांना तेच सगळ्यात जड जातं, कारण तोंड आपोआप वाक्य पुरं करतं.

"ते"चा प्रश्न आमच्याकडे सोपा आहे. जिवंत माणूस समोर असतो, म्हणून "दुभाष्याची विनंती, सर्वनाम एकवचनी आहे की अनेकवचनी ते विचारावं" असं रेकॉर्डवर बोलता येतं. कागदावरून काम करणाऱ्याला ती सोय नाही.

आणि फेडरल नियमांनुसार, आधी तशी मागणी केली असेल तर, साक्षीदाराला प्रत वाचून दुरुस्त्या सुचवायला ३० दिवस मिळतात, आशयाच्यासुद्धा, कारण देऊन. पण दुरुस्ती वेगळ्या कागदावर जाते, मूळ उत्तर पुसलं जात नाही. आधी काय म्हणाला आणि मग काय म्हणाला, दोन्ही राहतात.

जुना_नाझर

आपल्याकडेही तसंच आहे हो! जबाब वाचून दाखवायचा, आणि साक्षीदार म्हणाला की अमुक चूक आहे, तर साहेबांनी दुरुस्तच केलं पाहिजे असं नाही, हरकतीची नोंद करून ठेवता येते. जुनं कलम २७८. मी अशा नोंदी पाहिल्यात. भाषांतर करताना लोक ती शेवटची नोंद "प्रोसिजरल" म्हणून वगळतात. वगळू नका.

परदेशवारी२०

माझ्या आईच्या जन्मदाखल्यात नाव वेगळं आणि पासपोर्टवर वेगळं आहे. त्यासाठी मराठी प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून हवंय. त्यात विसंगती तशीच ठेवायची की नाव सारखं करून द्यायचं? इथले कुणी करून देतील का?

वकील_सोलापूर

तुमचा विषय वेगळा आहे, नवा धागा काढा. तोवर एवढंच : दाखल्यावर जे नाव आहे तेच भाषांतरात लिहायचं. सारखं करून द्यायचा अधिकार भाषांतरकाराला नसतो. "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्रात तुम्ही म्हणायचं.

कोरडवाहू

तुंब्याचं राहिलं. मी "ब्लंट साइड ऑफ द ॲक्स" लिहिलंय. आणि "दांडा पाहिला"?

निशाणी_क्र_४२

तुंब्यासाठी ते ठीक आहे. पण थांबा, पोलिसांपुढच्या जबाबाचं भाषांतरही तुम्हीच करताय का?

कोरडवाहू

नाही, ते आधीच झालेलं आहे, दुसऱ्या कुणाकडून.

निशाणी_क्र_४२

मग ते मागवून घ्याच. गुळगुळीत करण्याइतकीच दुसरी आपत्ती म्हणजे नसलेली विसंगती तयार करणं. मराठी जबाबात "ओटा", साक्षीतही "ओटा", साक्षीदार दोन्हीकडे एकच बोलला. पण एका भाषांतरकाराने "व्हरांडा" केलं, दुसऱ्याने "प्लॅटफॉर्म". इंग्रजी वाचणाऱ्याला साक्षीदाराने जागा बदलली असं वाटतं. मी "ओटा" तसाच ठेवतो आणि पहिल्या वेळी एका ओळीत काय असतो ते सांगतो.

उलट बाजूही बघा. जबाबात "लोखंडी गज" आणि साक्षीत "लोखंडी पाइप" असेल, तर तुम्ही दोन्हीला "आयर्न रॉड" करून टाकलंत की खरी विसंगती गेली. म्हणून मी आधी शब्दांचा तक्ता करतो : हत्यारं, जागा, नाती, वेळा. एका मराठी शब्दाला सगळ्या कागदांत एकच इंग्रजी शब्द, आणि दोन वेगळ्या मराठी शब्दांना कधीही एक नाही. नात्यांत तर फार सांभाळा. "भाऊ" म्हणून चुलतभाऊ येतो, आतेभाऊ येतो. साक्षीदार "भाऊ" म्हणाला तर "ब्रदर"च, पुढे "चुलत" म्हणाला की तिथे "कझिन". तुम्हाला माहीत आहे म्हणून आधीपासून "कझिन" लिहायचं नाही.

तुमच्या चौथ्या उत्तरात तीन गोष्टी आहेत : तुंबा, कुऱ्हाड, दांडा. वैद्यकीय दाखल्यात जखम धारदार हत्याराची असेल तर तुंबा अडचणीचा, आणि बोथट असेल तर "कुऱ्हाडच होती" हे अपुरं. आणि शेवटी त्याने पाहिला तो दांडा, पातं पाहिल्याचं त्याने म्हटलेलंच नाही. तिन्ही त्याच क्रमाने, तीन तुकड्यांत, मधला "आय मीन" धरून जाऊ द्या. "दांडा"ला "हँडल". "वेपन" असा मोघम शब्द वापरून सुटका करून घेऊ नका.

वकील_सोलापूर

यावरून आठवलं, ताई. उलटतपासाच्या शेवटी ठरीव वाक्यं असतील, ती नीट बघा. "कुऱ्हाडीबाबत मी पोलिसांना सांगितले होते, तसे माझ्या जबाबात का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही." आणि याच्या शेजारी "कुऱ्हाडीबाबत मी पोलिसांना सांगितले नाही." कानाला एकच वाटतात, पण पहिल्यात साक्षीदार आपल्या म्हणण्यावर ठाम आहे आणि बोट पोलिसांकडे आहे. दुसऱ्यात त्याने स्वतः कबुली दिलीय. जबाबात महत्त्वाची गोष्ट नसणं ही विसंगती धरायची का, हा वाद १९५९ च्या तहसीलदार सिंग निकालापासून चाललाय, आणि अपिलातले निम्मे युक्तिवाद याच वाक्यांवर होतात. दोन्हीचं "डिड नॉट स्टेट टू पोलीस" केलेलं मी कागदांत पाहिलंय.

तसंच "हे म्हणणे खरे नाही की मी घटनास्थळी नव्हतो." दोन नकार. लोक त्याचं "आय वॉज प्रेझेंट" करतात.

शब्दखुणा

पण अर्थ तोच ना? नकाराचा नकार म्हणजे होकार.

वकील_सोलापूर

गणितात. कोर्टात नाही. वकिलाने सूचना केली, "तुम्ही तिथे नव्हतात", साक्षीदाराने ती फेटाळली, एवढंच. "मी तिथे होतो" असं तो स्वतःहून बोलला तर ते वेगळं विधान, आणि तशी नोंद वेगळी येते : "साक्षीदार स्वतःहून सांगतो". इंग्रजीत दोन नकार जड वाटले तरी "इट इज नॉट ट्रू दॅट आय वॉज नॉट प्रेझेंट" असंच जाऊ द्या.

शब्दखुणा

हे मला अजूनही शब्दांचे खेळ वाटतात, पण असो. त्या पूर्णविरामांचं मात्र पटलं.

सुमा_न्यूजर्सी

एक विचारायचंय. त्या पानावर साक्षीदार थांबला, गप्प बसला, असं काही लिहिलंय का? मूळ कागदावर तीन टिंबं दिसतात, ती कुणाची?

कोरडवाहू

टंकलेखकाचीच. पहिल्या उत्तरात तीन टिंबं, बाकी फक्त पूर्णविराम. "थोडा वेळ गप्प" वगैरे एका ठिकाणी आहे, पुढच्या पानावर, कंसात.

निशाणी_क्र_४२

कंसातलं ते न्यायाधीशांचं निरीक्षण. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल नोंद करायचं कलम वेगळं आहे, जुनं २८०, आता ३१५. ते कंसासकट जायलाच हवं, आणि तुमच्या स्वतःच्या टिपा त्याच कंसात मिसळता कामा नयेत. मी चौकोनी कंस वापरतो आणि पहिल्या पानावर तसं लिहून देतो. टिंबं आहेत तिथे टिंबं. तुम्हाला वाचताना अडखळ ऐकू आली म्हणून नवी टिंबं घालायची नाहीत. भर घालणं हेही गुळगुळीत करण्याचंच भावंड.

जुना_नाझर

टिंबांवर फार भिस्त ठेवू नका हां. आमच्या एका टंकलेखकाला सवयच होती, साहेब शब्द शोधायला थांबले की हा बटण दाबत बसायचा. साक्षीदार अडखळला की साहेब, हे कागदावरून कळायचं नाही.

निशाणी_क्र_४२

हे मात्र खरं, काका. पण ते कुणाचं हे ठरवणं बेंचचं काम. ताईंनी कागदावर आहे ते द्यायचं.

कोरडवाहू

वकीलसाहेबांशी बोलले. "अंधार पडायचा होता अजून" गाळू का विचारल्यावर पलीकडे क्षणभर शांतता, मग "नको नको, आहे तसंच ठेवा". जुनं भाषांतरही पाठवलंय. त्यात ओट्याचं "पोर्च" केलंय, आणि तुंब्याचं सगळीकडे नुसतं "ॲक्स".

आता पेच असा. ते भाषांतर आधीच पेपरबुकात बांधलं गेलंय. मी "ओटा" आणि "ब्लंट साइड" लिहिलं तर माझ्यामुळेच विसंगती दिसणार. त्यांच्याशी जुळवून "पोर्च" लिहू का?

वकील_सोलापूर

जुळवून अजिबात नको. वकिलांना लेखी कळवा की आधीच्या भाषांतरात या दोन शब्दांत तफावत आहे, सुधारित भाषांतर दाखल करावं. दाखल करायचं की नाही हा त्यांचा निर्णय. एक मात्र आहे, जबाबात तुंबाच असताना भाषांतरात नुसती कुऱ्हाड गेली असेल, तर त्यांना घाई होईलच.

निशाणी_क्र_४२

मूळ मराठी जबाब स्वतः डोळ्याखालून घाला आधी. तिथे खरंच "तुंबा" आहे, की साक्षीतच तो पहिल्यांदा आलाय? ते कळल्याशिवाय पत्र लिहू नका.

कोरडवाहू

जबाबाची झेरॉक्स फिकट आहे, हस्ताक्षर हवालदाराचं. "कुऱ्हाडीच्या तुं" इथवर लागतंय, पुढे शिक्का आलाय. स्वच्छ प्रत मागवलीय.